उसण भरली, म्हणून एमआरआय?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बहुतेक जसंच्या तसं.)

आज कंबरदुखी. ऐकणाऱ्यांपैकी अर्धे जण आत्ता मानेखाली उशी घेऊन, वाकडे पडून ऐकत असतील, तर तसेच पडून राहा. त्याने काही बिघडत नाही. त्यावर शेवटी बोलूच.

मी नागपुरात जनरल प्रॅक्टिस करते. एप्रिल सुरू झाला की माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट वाढतात. एक, उन्हाने हैराण झालेले. दुसरे, कूलरवाले. म्हणजे वर्षभर गच्चीवर पडलेला कूलर खाली आणायचा, धुवायचा, नवी खस लावायची आणि खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचा, या कार्यक्रमात ज्यांची कंबर धरली ते. यंदाच्या अशाच एका कूलरवाल्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

वय २८. उमरेडकडच्या एका खाणीत डंपर चालवतो. रविवारी कूलर उचलला, कमरेत कटकन चमक भरली. सोमवारी पलंगावरून उठता येईना. बुधवारी माझ्याकडे आला तो भिंतीला धरत. सोबत जावई. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "मॅडम, एमआरआय लिहून द्या. नस दबली असन तर? मणक्यात गॅप असन तर?" जावयाने फोनवर एका सेंटरची जाहिरात काढून ठेवली होती. पूर्ण पाठीचं पॅकेज, सवलतीत.

मी लिहून दिला नाही. का नाही, हाच आजचा भाग आहे. त्यासाठी मला त्याच्याबरोबर वीसेक मिनिटं लागली. एमआरआय लिहायला वीस सेकंद लागतात, हे मी आधीच कबूल करते.

आधी एक साधी गोष्ट. कंबरदुखी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या शंभर जणांपैकी नव्वदच्या आसपास लोकांमध्ये नेमका कोणता स्नायू, कोणता सांधा, कोणती गादी दुखतेय हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. याला नॉन-स्पेसिफिक लो बॅक पेन म्हणतात. हे नाव ऐकून पेशंटला वाटतं, डॉक्टरला काही कळलं नाही. पण त्याचा अर्थ वेगळा आहे. धोकादायक कारणं शोधली, ती सापडली नाहीत, आणि जे उरलं ते बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप बरं होतं, असा तो अर्थ आहे. उरलेल्यांपैकी काहींचं दुखणं पायात उतरतं, त्याला आपण सायटिका म्हणतो. आणि एक टक्क्याच्या आसपास लोकांमध्ये काहीतरी गंभीर असतं: फ्रॅक्चर, कॅन्सर, जंतुसंसर्ग, किंवा नसांचा मोठा जुडगा दाबला जाणं.

आपल्या आज्या उसण भरली की पायाळू माणूस शोधायच्या. पायाकडून जन्मलेला माणूस. त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं मानायचे. आणि उतरायचीही! कारण पाय लावला नसता तरी उतरलीच असती. मी हे चेष्टेने सांगत नाहीये. माझ्या सुईने, कोणाच्या मालिशने, कोणाच्या पट्ट्याने जे बरं वाटतं, त्यातला बराच भाग याच हिशोबातला असतो. आजार स्वतःहून कमी होत असतो आणि श्रेय शेवटी जो भेटला त्याला मिळतं.

तर प्रश्न असा उरतो: तो एक टक्का ओळखायचा कसा?

डंपरवाल्याला मी पहिला प्रश्न विचारला तो लघवीचा. तो जरा लाजला. जावई उठून बाहेर गेला, ते बरंच झालं. मी विचारलं, "रविवारपासून लघवी नीट होते का? लागल्याचं कळतं का? अडते का? नकळत कपड्यात होते का? संडासचा ताबा आहे का?" मग, "बाईकवर बसल्यावर सीटला जो भाग टेकतो, मांड्यांच्या आतली बाजू, जननेंद्रियाभोवती, गुदद्वाराजवळ, तिथे बधिर वाटतं का? पुसताना कागदाचा किंवा पाण्याचा स्पर्श कमी कळतो का?"

कमरेच्या मणक्यांच्या खालच्या भागात नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. मोठी गादी मागे सरकून तो सगळा एकदम दाबला गेला, तर लघवी, संडास आणि लैंगिक संवेदना यांच्या नसा जातात. दोन्ही पायांत सणक आणि कमजोरी येऊ शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो. लघवी अडलीय आणि बैठकीचा भाग बधिर आहे, असं असेल तर माझ्या क्लिनिकमध्ये सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री जिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात, तिथे जायचं: मेडिकल, मेयो, एम्स किंवा तशी सोय असलेलं खाजगी हॉस्पिटल. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हा प्रश्न लाजून टाळणारे पेशंट असतात, आणि खरं सांगायचं तर न विचारणारे डॉक्टरही असतात.

त्याला यातलं काही नव्हतं.

मग पायांची ताकद. त्याला टाचांवर चार पावलं चालायला लावलं, मग चवड्यांवर. दुखत होतं, पण जमलं. पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचलायला सांगितला, दोन्ही बाजूंनी सारखा जोर. पाठीवर झोपवून गुडघा सरळ ठेवून एकेक पाय उचलला. कंबर दुखली, पण गुडघ्याखाली करंट गेला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. नस चिडली असेल तर पाय अर्धवट उचलला की पोटरीत, पावलात सणक जाते. मांडीच्या मागे फक्त ताण बसणं म्हणजे सायटिका नव्हे, आपले सगळ्यांचेच ते स्नायू आखडलेले असतात. गुडघ्याचे आणि टाचेचे झटके बघितले, स्पर्श तपासला. शेवटी मुठीने मणक्यांवर एकेक करून हलकेच ठोकलं. एकाच मणक्यावर जबरदस्त कळ, असं कुठे नव्हतं. कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मात्र लाकडासारखे कडक.

बाकीचे प्रश्न: उंचावरून पडलास का, अपघात झाला का? कधी कॅन्सर झाला होता का? खूप दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? (आपल्याकडे दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या नावाखाली बिनलेबलच्या पुड्या घेणारे बरेच असतात, म्हणून 'पुडी घेतोस का' हेही विचारते.) ताप, वजन, टीबी. आणि तरुण मुलांना आणखी एक प्रश्न: सकाळी कंबर अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडते आणि हालचाल केली की बरी होते, आराम केला की वाढते, पहाटे झोपमोड होते, आणि हे तीन महिन्यांपेक्षा जास्त चालू आहे, असं आहे का? असेल तर ती उसण नाही. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा सूज आणणारा संधिवात असू शकतो, तो तरुणपणीच सुरू होतो आणि वर्षानुवर्षं 'बसण्याच्या सवयीमुळे' म्हणून दुर्लक्षित राहतो. अशांना संधिवाततज्ज्ञाकडे पाठवायचं असतं.

आता एक गंमत. असे धोक्याचे प्रश्न विचारले की कोणाचं ना कोणाचं एखादं उत्तर 'हो' येतंच. ऑस्ट्रेलियात कंबरदुखी नुकतीच सुरू झालेल्या ११७२ लोकांवर एक वर्ष लक्ष ठेवलं गेलं, त्याचे निष्कर्ष २००९ साली छापून आले. त्यातल्या जवळपास ८० टक्के लोकांमध्ये किमान एक तरी धोक्याची खूण होती. प्रत्यक्षात गंभीर आजार निघाला ११ जणांना, त्यातही ८ फ्रॅक्चर. म्हणजे एक खूण दिसली की लगेच मशीनमध्ये घाला, असं केलं तर जवळजवळ सगळ्यांनाच घालावं लागेल. एकटी खूण फारसं बोलत नाही. खुणा एकमेकींशी जुळून एक गोष्ट सांगतात का, ते बघायचं असतं. पुस्तकातली यादी पाठ असणं सोपं आहे, हे जुळवणं मला अजूनही कधीकधी अवघड जातं.

किती अवघड, ते सांगते. ही दुसरी पेशंट, दोन वर्षांपूर्वीची.

२२ वर्षांची मुलगी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, भाड्याच्या खोलीत तिघी राहायच्या. दिवसाला दहा-बारा तास लायब्ररीत बसणं. अडीच महिन्यांपासून पाठ दुखतेय, कमरेच्या जरा वर. पहिल्या भेटीत मी विचारलं, "ताप येतो का?" ती म्हणाली, "नाही." "वजन कमी झालं?" "माहीत नाही." मी मनात ठरवून टाकलं, बसून बसून झालं असणार. व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या, पाठवलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. या वेळी मी वेगळं विचारलं. "संध्याकाळी अंग मोडून येतं का? अंगावर चादर घ्यावीशी वाटते का, या उकाड्यात?" "हो, रोजच. मले वाटलं जागरणानं होते." तिच्याकडे थर्मामीटरच नव्हता, ताप आहे हे तिला कळणार कुठून? "जीन्स ढिली झाली का?" "बेल्ट लावावा लागतो आता." काट्यावर उभं केलं. वर्षभरापूर्वी कॉलेजच्या तपासणीत नोंदलेलं वजन तिच्या फोनमधल्या फोटोत सापडलं, त्यापेक्षा सहा किलो कमी. घरात काकांनी टीबीचं औषध घेतलं होतं. मणक्यांवर ठोकलं तर एकाच जागी ती किंचाळली, आणि तिथे बोट फिरवलं तर हाडाचा बारीकसा उंचवटा लागला.

तिला त्याच दिवशी एमआरआय लिहून दिला. इथे मी एक मिनिटही हयगय केली नसती, आणि एक्स-रेवर थांबले नसते, कारण मणक्याच्या टीबीत सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो. एमआरआयमध्ये शेजारशेजारचे दोन मणके आणि मधली गादी खाल्लेली, बाजूला पू साठलेला. मग सुईने तिथला नमुना घेऊन सीबीनॅट आणि कल्चर. हा नमुना घेणं आवश्यक असतं, कारण टीबीच आहे का आणि नेहमीची औषधं त्यावर चालतील का, हे त्यातून कळतं. नुसत्या फोटोवरून एवढी लांब औषधं सुरू करणं बरं नाही. मणक्याच्या टीबीला साधारण बारा महिने औषध घ्यावं लागतं, सरकारी व्यवस्थेत ते मोफत मिळतं. तिच्या पायांची ताकद शाबूत होती, म्हणून शस्त्रक्रिया लागली नाही.

ती आता बरी आहे. पण ते तीन आठवडे माझे गेले, आणि त्या काळात तिचे पाय गेले असते तर? भारतातल्या डॉक्टरला परदेशी यादी जशीच्या तशी वापरून चालत नाही. त्या याद्यांमध्ये जंतुसंसर्ग खाली कुठेतरी असतो. आपल्याकडे तरुण माणसाची सहा आठवड्यांपेक्षा लांबलेली, रात्री उठवणारी, वजन उतरवणारी पाठदुखी म्हणजे वेगळं सिद्ध होईपर्यंत टीबी. तेव्हापासून माझ्याकडे पाठीच्या प्रत्येक पेशंटचं वजन होतं आणि तापाचा प्रश्न मी 'ताप' हा शब्द न वापरता विचारते.

परत डंपरवाल्याकडे. त्याचं वजन तेच, ताप नाही, ताकद ठीक, लघवी ठीक, सुरुवात स्पष्ट, तिसराच दिवस. मी त्याला म्हटलं, एमआरआय नको. तो म्हणाला, "पण मॅडम, काढून पाहिलं तर काय बिघडते?"

प्रश्न रास्त आहे. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं. (एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये असतं, आणि कमरेच्या एक्स-रेत छातीच्या एक्स-रेच्या कितीतरी पट जास्त.) पैसे जातात, पण लोक म्हणतात, पैसे गेले तरी मन शांत होतं. अडचण अशी की मन शांत होत नाही.

१९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यांच्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. सगळ्या गाद्या नॉर्मल होत्या फक्त ३६ टक्के लोकांच्या. पुढे २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांतल्या तीन हजारांवर न दुखणाऱ्या लोकांची बेरीज केली गेली. विशीतल्या लोकांमध्येच ३७ टक्क्यांची गादी झिजलेली आणि ३० टक्क्यांची फुगलेली दिसली. तिशीत ते आकडे ५२ आणि ४० वर गेले. लक्षात घ्या, यातल्या कोणाचंही काही दुखत नव्हतं. अशा माणसाला उद्या कूलर उचलून उसण भरली आणि परवा एमआरआय काढला, तर वर्षानुवर्षं असलेला तो फुगवटा रिपोर्टात येणार आणि आरोपी म्हणून उभा राहणार.

शिवाय रिपोर्ट कोण वाचतो, यावरही ठरतं. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरमध्ये काढून बघितला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले निघाले. दहाच्या दहा रिपोर्टांत असलेला दोष एकही नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. आणि सातव्या दिवशी जावयासोबत जाऊन एमआरआय काढून घेतला.

मी रागावले नाही. माझ्या घरात कोणाला दुखत असतं तर मलाही वाटलं असतं. पण पुढे काय झालं ते बघा. सहाव्या दिवशी तो दुचाकीवरून दूध आणायला जात होता. सातव्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला: डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन, खालच्या गादीत डेसिकेशन, लॉर्डोसिस कमी. आठव्या दिवशी तो पलंगावर. बाजारातून कमरेचा रुंद पट्टा आणला. चार वर्षांच्या मुलीला उचलणं बंद. बायकोने वाकायची सगळी कामं स्वतःकडे घेतली. आणि त्याला खरी झोप लागत नव्हती ती वेगळ्याच भीतीने: डंपर चालवायला आपण मेडिकली अनफिट ठरलो तर? घरात कमावता तो एकटा. कंबर सहाव्या दिवशी होती तीच होती, फक्त मधे एक कागद आला होता.

मी त्याला समोर बसवून रिपोर्ट त्याच्याच भाषेत लावून दाखवला. विचारलं, "डंपरमध्ये माल भरला की टायर खाली थोडा पसरतो ना?" "पसरतेच ना." "त्याला पंक्चर म्हणतोस?" तो हसला. बल्ज म्हणजे तो पसरलेला टायर. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी वयानुसार कमी होणं, केस पिकतात तसं. लॉर्डोसिस कमी म्हणजे स्नायू आखडल्यामुळे, किंवा मशीनमध्ये गुडघ्याखाली उशी ठेवून झोपवल्यामुळेही, कमरेची कमान सपाट दिसणं. आणि तो 'गॅप'! आपल्याकडे सर्रास म्हणतात, मणक्यात गॅप आलाय. गादी झिजली तर दोन मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं. गॅप वाढत नाही, आणि तो भरून काढणारी गोळी तर नाहीच.

मग त्याला मी नेमकं काय करायला सांगितलं होतं?

पहिल्या दोन-तीन दिवसांत ज्या स्थितीत बरं वाटतं त्या स्थितीत पडायचं, पाठीवर झोपून पोटऱ्यांखाली दोन उशा, किंवा कुशीवर होऊन गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने जोर देऊन उठायचं. पण दिवसभर पलंगावर नाही. जागेपणी तास-दीड तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, दुखत असलं तरी. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर एक साधा प्रयोग झाला होता. काहींना दोन दिवस बेड रेस्ट दिली, काहींना पाठीचे व्यायाम दिले, आणि काहींना सांगितलं की झेपेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा. लवकर बरे झाले ते शेवटचे. म्हणून अगदी तीव्र दुखण्यात मी व्यायामाचा तक्ताही हातात देत नाही. चालणं पुरे.

शेक घ्यायचा, गरम पाण्याच्या पिशवीचा, पंधरा-वीस मिनिटं, कापडावरून. त्याने स्नायू सैल होतात आणि बरं वाटतं. नागपूरच्या एप्रिलमध्ये शेक सांगताना मलाच कसंतरी होतं, पण गार-गरम यात गरमाला थोडा तरी पुरावा आहे.

गोळ्यांचं थोडं नीट ऐका. पॅरासिटामॉल आपण सगळेच देतो-घेतो, पण ऑस्ट्रेलियात सोळाशेहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीत, २०१४ साली, पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले आणि साखरेसारखी खोटी गोळी घेणारे १६ दिवसांत. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या सूज कमी करणाऱ्या गोळ्या थोडा फायदा करतात. मी त्याला त्या पाच दिवसांसाठी, जेवणानंतर दिल्या. पण आधी अल्सर, बीपी, किडनी, दमा, रक्त पातळ करणारी औषधं याबद्दल विचारून. आणि आपल्याकडे एक जास्तीची अट: ४५ डिग्रीत घाम गाळून, पाणी न पिता या गोळ्या घेतल्या तर किडनीला इजा होऊ शकते. खाणीत काम करणारा माणूस म्हणजे हा धोका खराच. दुकानातून 'कमरेची गोळी द्या' म्हणून घेताना हे कोणी विचारत नाही. स्नायू ढिले करणारी गोळी मी दिली नाही, कारण तिने झोप येते आणि तो डंपर चालवतो. सुई मागितली, तीही दिली नाही. त्याला गोळी गिळता येत होती.

पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ओढणं, याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात या दोन्ही गोष्टी नित्याने वापरू नका असं म्हटलंय. त्याचा पट्टा मी एकदम काढायला लावला नाही. तो भीतीने लावलेला होता, म्हणून आठवड्यात हळूहळू सोडवला.

कामाचं काय? हा खरा नाजूक भाग. डंपरमध्ये सीटमधून कमरेला सतत हादरे बसतात आणि अशा हादऱ्यांचा कंबरदुखीशी संबंध आहे. खाण कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच होती, तिथल्या संशोधकांनी आपल्या खाणींतल्या डंपरचालकांना बसणारे हादरे मोजलेले आहेत. त्यामुळे 'उद्यापासून पूर्ण ड्युटी' असं मी म्हटलं नाही. दहा दिवस हलकी ड्युटी द्यावी, असं पत्र दिलं. त्यात 'स्लिप डिस्क' हा शब्द मुद्दाम लिहिला नाही, 'साधी कंबरदुखी, बरी होत आहे' असं लिहिलं. सीटची स्प्रिंग त्याच्या वजनाला लावून घ्यायला सांगितलं, आणि केबिनमधून उतरल्या उतरल्या जड काही उचलायचं नाही, आधी चार पावलं चालायचं.

तिसऱ्या आठवड्यात तो पूर्ण ड्युटीवर गेला. मुलीला पुन्हा उचलायला मात्र पाचवा आठवडा उजाडला. हात तयार होते, मन तयार नव्हतं.

आता तुमचे येणारे प्रश्न मला माहीत आहेत. एमआरआय कधीच काढायचा नाही का? असं नाही. वर सांगितलेल्या खुणा जुळत असतील तर लगेच काढायचा. पायाची ताकद कमी होत चालली असेल, पाऊल घासत असेल, तर लगेच. सायटिका सहा आठवडे नीट उपचार करूनही असह्य असेल आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर काढायचा, कारण तेव्हा त्या फोटोवरून काहीतरी ठरणार असतं. डॉक्टरला सरळ विचारा, 'यात जे दिसेल त्याने माझे उपचार बदलणार आहेत का?' उत्तर 'नाही' असेल तर पैसे खिशात ठेवा. आणि सायटिकावाल्यांनो, बाहेर आलेली गादी बऱ्याचदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं, अगदी मोठी असली तरी.

पुन्हा उसण भरेल का? भरू शकते, वर्षभरात परत दुखणं अगदी नेहमीचं आहे. ऑस्ट्रेलियातच २०२४ साली ७०१ लोकांवर झालेल्या अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या काहींना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू वाढवत चालायची सवय लावली. त्यांना पुन्हा दुखायला मधल्या हिशोबाने २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. थांबलं नाही, लांबलं. डंपरवाला आता पहाटे ड्युटीआधी अर्धा तास चालतो, आठवड्यातून पाच दिवस, असं तो म्हणतो. मी तीन धरते.

आणि वाकडं पडून फोन बघणाऱ्यांसाठी: सरळ बसण्याची एकच 'बरोबर' पद्धत असते आणि तिने कंबर वाचते, याला भक्कम पुरावा नाही. एकाच स्थितीत फार वेळ राहू नका, एवढंच म्हणता येतं. हा भाग साधारण वीस मिनिटांचा आहे, म्हणजे आता उठायची वेळ झालीच.

जाता जाता, परवा तो आला होता, स्वतःसाठी नाही, जावयाला घेऊन. जावयाची कंबर धरली होती. त्यानेच दारातून मला सांगितलं, "मॅडम, लघवी नीट आहे त्याची, मी इचारलं."